मथळ्यातून गळालेला ‘अ’

माझी भाची बारावीत आहे. इंग्रजी बातमी ती न अडखळता वाचते, पण तिच्याच मथळ्यावर थांबते. परवा ‘टू हेल्ड इन लोन फ्रॉड’ हे वाचून ती म्हणाली, “दोघांनी कर्जात घोटाळा केला.” दोघांना अटक झाली, हे तिला दिसलंच नाही. “मामा, मथळ्याला व्याकरण नसतंच ना, मग अंदाजच बांधायचा!”

हा समज अनेकांचा आहे, आणि तो चुकीचा आहे. मथळ्याला व्याकरण असतं, फक्त ते रोजच्या इंग्रजीपेक्षा वेगळं असतं. कालची घटना तिथे साध्या वर्तमानकाळात लिहितात. मंत्र्याने काल राजीनामा दिला, तरी ‘मिनिस्टर रिझाइन्स’. त्यामुळे ‘हेल्ड’, ‘किल्ड’ अशी रूपं मोकळी राहतात आणि ती बहुतेक वेळा कर्मणी अर्थाने येतात: धरले गेले, मारले गेले. मधलं ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आपण घालायचं. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘टू’ आलं, तर ते ‘दोन’ अर्थाचं ‘टू’ नव्हे; तिथे गोष्ट अजून व्हायची आहे.

एवढं तासाभरात जमतं. खरी अडचण ‘अ’ आणि ‘द’ गेल्याने होते. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते शोभेचं वाटतं. पण इंग्रजीत त्याचं एक मोठं काम आहे: इथून नामाचा गट सुरू होतो, हे ते डोळ्यांना सांगतं. अमेरिकेतला एक गाजलेला मथळा घ्या: ‘स्क्वॉड हेल्प्स डॉग बाइट व्हिक्टिम’. पथकाने कुत्र्याला माणसाचा चावा घ्यायला मदत केली, की कुत्रा चावलेल्या माणसाला मदत केली? आता ‘अ’ परत घालून पाहा. ‘हेल्प्स अ डॉग बाइट अ व्हिक्टिम’ म्हटलं तर ‘अ’ दोन, म्हणजे नामाचे गट दोन, आणि त्यांच्यामधलं ‘बाइट’ क्रियापद ठरतं. ‘हेल्प्स अ डॉग बाइट व्हिक्टिम’ म्हटलं तर ‘अ’ एकच. मग तिन्ही शब्द मिळून एकच गट होतो आणि ‘बाइट’ नाम होतं. सगळा निकाल त्या एका अक्षरावर होता, आणि मथळ्याने तेच काढून टाकलं.

मराठी मथळाही क्रियापद गाळतो. ‘पुण्यात दोघांना अटक’ यात क्रियापद कुठे आहे? तरी गोंधळ होत नाही, कारण ‘त’ आणि ‘ना’ हे प्रत्यय शब्दांना चिकटून राहतात. इंग्रजीत हे काम बरंचसं शब्दांचा क्रम आणि हे छोटे शब्द करतात.

वाचताना मेंदू वाक्य संपायची वाट पाहत नाही. डोळा एका शब्दावर साधारण पाव सेकंद टेकतो आणि तेवढ्यात त्या शब्दाला वाक्यात जागा मिळते. जागा चुकली, तर पुढे अर्थ अडतो आणि डोळा मागे वळतो. हे मागे वळणं म्हणजे दुरुस्ती. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारे वर्ग ती ‘वाईट सवय’ म्हणून मोडायला सांगतात. त्यांच्या नादी लागू नका; तसं वाचताना समज घटते.

आता 2009 मधला एक मथळा पाहू: ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. आपला नियम लावला तर ‘लिंक्ड’ कर्मणी, म्हणजे व्हायोलिनवादिकेचा संबंध ‘क्रॅश ब्लॉसम्स’शी जोडला गेला. पण ही अपघाती फुलं कसली? अर्थ अडला, म्हणजे मागे वळायचं. शेवटच्या ‘ब्लॉसम्स’मधला ‘स’ तपासायचा. इंग्रजी नामाला तो लागला तर अनेकवचन, वर्तमानकाळी क्रियापदाला लागला तर कर्ता एकवचनी. ‘व्हायोलिनिस्ट’ एकवचनीच आहे. मग ‘ब्लॉसम्स’ हेच मुख्य क्रियापद, आणि ‘लिंक्ड टू जेएएल क्रॅश’ हे वादिकेचं नुसतं विशेषण. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअरलाइन्सच्या, म्हणजे ‘जेएएल’च्या, विमान अपघातात 520 माणसं गेली. वादिकेचे वडील त्यांच्यापैकी एक होते. बातमी होती ती तिची कला बहरल्याची. तेव्हापासून अशा फसव्या मथळ्यांना संपादकमंडळी ‘क्रॅश ब्लॉसम्स’च म्हणतात.

म्हणजे ‘हेल्ड’चा नियम नेहमी तारतो असं नाही. ‘स’ची खूणही कधी हातची जाते. ‘स्क्वॉड’चं ‘स्क्वॉड्स’ केलं, की ‘हेल्प्स’चा ‘स’ गळतो. अशा वेळी बातमीचं पहिलं वाक्य गाठावं, कारण तिथे गाळलेलं बहुतेक सगळं परत आलेलं असतं. भाची आता मथळा वहीत उतरवते, गाळलेले शब्द पेन्सिलने घालते आणि मगच ते वाक्य वाचते. काल तिने ‘टू’ आणि ‘हेल्ड’ यांच्या मध्ये ‘वेअर’ लिहिलं, ‘लोन फ्रॉड’च्या आधी ‘अ’ घातला, आणि पहिल्या वाक्याशी ते शब्द पडताळून खाली रेघ मारली.