एमएफए रीसेट: हेल्पडेस्ककडे अर्ज कोणी करायचा, ओळख कशी पटवायची

महापे, ऐरोली, घणसोलीपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत कुठल्याही कंपनीच्या हेल्पडेस्कवर हा फोन ठरलेला असतो: ‘फोन बदललाय, ऑथेंटिकेटर चालत नाहीये, एमएफए रीसेट करून द्या.’ एमएफए म्हणजे पासवर्डनंतर बहुधा फोनवरून होणारी दुसरी पडताळणी. ती रीसेट करायचं बटण दाबायला दोन मिनिटं पुरतात. मात्र रीसेट झाल्यावर जो आधी लॉगिन करेल त्याचाच फोन त्या खात्याला जोडला जातो. पासवर्ड आधीच चोरीला गेला असेल, तर चोराच्या आणि खात्याच्या मध्ये फक्त हेल्पडेस्कवरचा माणूस उभा असतो. म्हणून पुढची सगळी प्रक्रिया एका नियमावर बेतलेली आहे: फोन करणारा जे सांगतो तो पुरावा धरायचा नाही, कंपनीच्या नोंदीत आधीपासून असलेल्या मार्गाने जे पटतं, तोच पुरावा.

अर्ज कोण करू शकतो

ज्याचं खातं, त्यानेच अर्ज करायचा. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, मी त्यांच्या वतीने बोलतोय’ असं म्हणणाऱ्याचं तिकीट उघडायचं नाही. मॅनेजर दुजोरा देऊ शकतो, अर्ज करू शकत नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यासाठी दुजोरा कंपनीतल्या त्या अधिकाऱ्याचा लागतो, ज्याच्या नावावर त्याचा प्रवेश मंजूर झालाय. कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा चालत नाही. ॲडमिन खात्याचं रीसेट फोनवर करूच नये. ऑगस्ट 2023मध्ये कंपन्यांना लॉगिनची व्यवस्था पुरवणाऱ्या ओक्टा कंपनीने जाहीर इशारा दिला होता की अमेरिकेतल्या तिच्या अनेक ग्राहकांच्या सर्व्हिस डेस्कला फोन करून सर्वोच्च अधिकार असलेल्या खात्यांचं एमएफए रीसेट करवून घेतलं जातंय. अशा खात्यांना प्रत्यक्ष हजेरी आणि दोघांची मंजुरी हवी.

कागदपत्रं

प्रत्यक्ष डेस्कवर येणाऱ्याने कंपनीचं ओळखपत्र आणि फोटो असलेलं एक सरकारी ओळखपत्र मूळ प्रतीत आणायचं. पॅन, वाहन परवाना किंवा मास्क केलेलं आधार चालतं. डेस्कवरच्याने चेहरा एचआरच्या नोंदीतल्या फोटोशी ताडून पाहायचा, फक्त हातातल्या कार्डाशी नाही. कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नये आणि कोणी पाठवला तर स्वीकारू नये; फोटोतल्या कार्डावरून समोर कोण आहे ते कळत नाही. फोन हरवल्याची पोलिसांकडची नोंद सिम आणि आयएमईआय बंद करायला उपयोगी आहे, ओळख पटवायला नाही.

एम्प्लॉयी कोड, जन्मतारीख, मॅनेजरचं नाव, जॉइन झाल्याचं वर्ष हे विचारून ओळख ‘पटवणं’ थांबवायला हवं. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर ट्रान्सहार्बरच्या गर्दीत उभं राहून पाहा: कितीतरी गळ्यांत ओळखपत्र लोंबत असतं. बऱ्याच कार्डांवर नाव, फोटो आणि कोड तिन्ही वाचता येतात. उरलेलं लिंक्डइनवर सापडतं.

फोन बदललाय, नंबर तोच आहे

हा सोपा मार्ग. तिकीट उघडा, फोन ठेवा आणि एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर स्वतः फोन लावा. आलेल्या कॉलवर दिसणाऱ्या नंबरावर विसंबू नका, तो बनावट दाखवता येतो. नोंदीतला नंबर गेल्या काही दिवसांत बदललेला असेल, तर हा मार्ग बंद समजा. आधी एचआर पोर्टलवर नंबर बदलायचा, मग दुसऱ्या दिवशी रीसेट मागायचं, ही नेहमीची जोडगोळी आहे. नंबर बदलल्यावर 72 तास त्यावर रीसेट नाही, असा नियम करून टाकलेला बरा. शिवाय मॅनेजरला डिरेक्टरीतल्या नंबरवर वेगळा फोन करून होकार घ्यायचा, कारण डुप्लिकेट सिम काढून नंबर पळवलेला असला तर कॉल-बॅक चोरालाच लागतो.

फोन हरवलाय

इथे खरी अडचण आहे, आणि चुकाही इथेच होतात. नोंदीतला नंबर हरवलेल्या फोनमध्येच असतो, त्यामुळे कॉल-बॅकला अर्थ उरत नाही. समजा, शुक्रवारी संध्याकाळी 6:40ला फोन येतो:

‘मॅडम, तुर्भ्याला उतरताना फोन मारला कोणीतरी. भावाच्या नंबरवरून बोलतोय. आठ वाजता क्लायंट कॉल आहे. मॅनेजर लाइनवरच आहेत, त्यांच्याशी बोला ना.’

एम्प्लॉयी कोड बरोबर, मॅनेजरचं नाव बरोबर, दुसरा आवाजही आत्मविश्वासाने ‘हो, माझाच माणूस आहे’ म्हणतो. पण हा ‘मॅनेजर’ फोन करणाऱ्यानेच जोडलाय. त्याला आपण लावलेला नाही. वेळही मुद्दाम निवडलेली असते: शिफ्ट बदलायला आलेली, सिक्युरिटी टीम घरी निघालेली, पुढे दोन सुट्ट्या.

अशा वेळी उत्तर एकच: ‘तुमचं तिकीट उघडलंय. मी तुमच्या मॅनेजरना डिरेक्टरीतल्या नंबरवर फोन करते. ते कंपनीच्या मीटिंगमध्ये तुम्हाला व्हिडिओवर पाहतील, किंवा तुम्ही ऑफिसच्या डेस्कवर या.’ चेहरा ओळखण्याचं काम रोज भेटणाऱ्या मॅनेजरचं, आपलं नाही. मॅनेजरने पडद्यावर नुसतं पाहू नये, दोघांनाच ठाऊक असलेल्या चालू कामाबद्दल बोलावं. व्हिडिओही आता बनवता येतो. जरा जरी शंका आली तर डेस्कवरच बोलवायचं. खरा कर्मचारी कुरकुर करेल, पण येईल. चोर बहुधा घाई वाढवतो, ‘तुमचं नाव काय, वरती तक्रार करतो’ म्हणतो, किंवा फोन कापून दहा मिनिटांनी दुसऱ्या एजंटला गाठतो. म्हणून नकाराची कारणासह नोंद तिकिटात लगेच व्हायला हवी, म्हणजे पुढच्या एजंटला ती दिसेल. आणि अशा कॉलला लागलेला वेळ एजंटच्या सरासरी हँडल टाइममध्ये धरू नये. घड्याळ डोक्यावर असलं की माणूस आडवाट धरतोच.

ओळख पटल्यावर

कंपनीची खाती आणि लॉगिन सांभाळायला मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा वापरत असाल तर यूजरच्या Authentication methods पानावर आधी `Require re-register multifactor authentication` दाबा, मग यूजरच्या मुख्य पानावर `Revoke sessions`. हे दुसरं बटण राहून गेलं तर हरवलेल्या फोनवरचं जुनं लॉगिन तसंच चालू राहू शकतं. त्यानंतर Temporary Access Pass, म्हणजे लॉगिनसाठीचा तात्पुरता कोड काढा: एकदाच वापरता येईल असा, मुदत 1 तास. या पासने लॉगिन केल्यावर 10 मिनिटांत नव्या फोनची नोंदणी उरकायची असते, त्यामुळे नवा फोन हातात आणि ॲप इन्स्टॉल झालेलं असल्याची खात्री आधीच करा. पास कॉल-बॅकवर किंवा डेस्कवर तोंडी सांगायचा. खाजगी ईमेलवर किंवा ‘भावाच्या नंबरवर’ जात नाही. त्याच कॉलमध्ये पासवर्डही बदलून मागितला तर पूर्ण पडताळणी झालेली असली तरी ते वेगळं तिकीट करा आणि सिक्युरिटीला कळवा, कारण दोन्ही एकत्र दिलं की अख्खं खातं हातात जातं.

रीसेट झाल्याचा मेल कर्मचारी आणि मॅनेजर दोघांना आपोआप जायला हवा. मॅनेजरचं उत्तर आलं की ‘मी असा होकार दिलाच नाही’, तर चौकशीची वाट न पाहता खात्याचं साइन-इन बंद करा, सेशन रद्द करा, मग नोंदलेल्या ऑथेंटिकेशन पद्धती आणि मेलबॉक्सचे फॉरवर्डिंग नियम तपासा. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था असलेल्या सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते, म्हणून मॅनेजरचं उत्तर किती वाजता आलं ते तिकिटात लिहून ठेवा.