काळ्या मेंदीचे पुरळ

काळी मेंदी किंवा तशाच कृत्रिम रंगाने हातापायांवर नक्षी काढल्यानंतर त्याच रेषांवर उठणारे, खाजरे आणि बहुधा फोडांचे पुरळ. वैद्यकीय भाषेत हा स्पर्शजन्य अ‍ॅलर्जीचा त्वचादाह होय. गोव्यात तो मुख्यतः दोन ठिकाणांहून घरी येतो. एक म्हणजे लग्नाची मेंदी. दुसरे म्हणजे कळंगुट-बागाच्या वाळूत किंवा हणजुणच्या बुधवारच्या बाजारात काढून मिळणारा ‘तात्पुरता टॅटू’. नाव मेंदीचे असले तरी दोष बहुतेक वेळा मेंदीच्या पानाचा नसतो.

मेंदीच्या पानातला रंगद्रव्याचा घटक लॉसोन. तो त्वचेला नारिंगी ते तांबूस तपकिरी रंग देतो, तोही सावकाश. लेप चार-सहा तास ठेवावा लागतो आणि रंग खुलायला एक-दोन दिवस जातात. लॉसोनपासून कोळशासारखा काळा रंग होत नाही. तो मिळावा आणि तासाभरात मिळावा म्हणून कोनात पॅरा-फेनिलीनडायअमाइन मिसळतात. हे लांबलचक नाव कोणी घेत नाही, त्वचारोगतज्ज्ञ पीपीडी म्हणतात. केस काळे करायच्या रंगात हेच असते. युरोपीय संघात केसांना लावायच्या तयार मिश्रणात त्याची मर्यादा २ टक्के आहे आणि त्वचेवर ते लावायला परवानगीच नाही. अमेरिकेतही त्वचेसाठी ते मान्य नाही. तपासलेल्या काही काळ्या टॅटूंच्या लेपांत मात्र याच्या कितीतरी पट, १५ टक्क्यांच्या वर, पीपीडी सापडलेले आहे. केसांच्या रंगाच्या खोक्यावर सावधानतेची सूचना असते. वाळूत बसून नक्षी काढणाऱ्याच्या वाटीवर ती नसते, आणि रंग मात्र टाळूला नव्हे तर मनगटाच्या पातळ कातडीला लागतो, तासभर तसाच राहतो.

एकाच कोनाच्या दोन गोष्टी

हे पुरळ इतके फसवे का, ते एका नमुन्याच्या प्रसंगावरून कळेल. मे महिना, फोंड्याकडचे लग्न. गुरुवारी संध्याकाळी घरी मेंदी झाली. नवरीला पानांची मेंदी लावली. ती संपली म्हणून मावशी आणि अकरा वर्षांची भाची यांच्या हातांवर दुसऱ्या, ‘झटपट’ कोनातून नक्षी निघाली. तासाभरात दोघींचे हात काळेभोर.

मावशीला शुक्रवारी रात्री मनगटावर खाज सुटली. शनिवारी, ऐन लग्नात, मागच्या हातावरच्या वेलबुट्टीची प्रत्येक रेघ फुगून वर आली होती, तिच्यावर बारीक पाणीदार फोड होते आणि बोटे सुजली होती. भाचीचे हात मात्र साफ. त्यामुळे घरात निष्कर्ष निघाला की मेंदी चांगली होती, मावशीला जेवणातले काहीतरी बाधले. मग पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, भाचीच्या हातावरचा रंग जवळजवळ गेलेला असताना तीच नक्षी लाल होऊन पुन्हा उमटली.

मावशी सहा-सात वर्षे केसांना काळा रंग लावत होती आणि हल्ली रंग लावल्यावर दोन दिवस टाळू खाजते, कानामागे कातडी सुटते, हे तिने कोणाला सांगितले नव्हते. तिचे शरीर पीपीडीला आधीच ओळखत होते. अशा माणसात पुरळ एक ते तीन दिवसांत येते. भाचीचा तो पहिलाच संपर्क. पीपीडीचा रेणू लहान असतो, तो त्वचेत शिरतो, तिथल्या प्रथिनांना चिकटतो, आणि प्रतिकार यंत्रणेच्या पेशी त्या जोडगोळीला शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. या शिकण्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर त्वचेत रंगाचा अंश उरलेला असेल तर शिकून तयार झालेल्या पेशी त्याच्यावरच धाव घेतात. म्हणून ‘लावल्यावर काहीच झाले नव्हते’ हे वाक्य कोनाला निर्दोष ठरवत नाही. डॉक्टरांना मेंदीची तारीख सांगताना मागच्या दोन आठवड्यांचा हिशेब द्यावा.

ओळखायचे कसे

सर्वांत मोठी खूण म्हणजे आकार. पुरळ नक्षीच्या रेषांवर असते, मधली मोकळी जागा बहुधा स्वच्छ. पाकळी पाकळी मोजता यावी इतके स्पष्ट. दाह वाढला की रेषा एकमेकींत मिसळतात, पण कडेला कुठेतरी मूळ आकार सापडतोच. दुसरी खूण जागेची. तळहाताची आणि तळपायाची कातडी जाड असल्यामुळे रंग तिथे गडद बसतो, तरी फोड जास्त उठतात ते मागच्या हातावर, मनगटावर आणि पावलाच्या वरच्या भागावर. तळहातावर आलेच तर साबुदाण्याच्या दाण्यांसारखे खोल, घट्ट फोड दिसतात आणि खाज विलक्षण असते. भाजल्यासारखी आग लेप लावल्या लावल्या सुरू झाली तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे, कोनातल्या निलगिरीच्या तेलाने किंवा एखाद्या पातळ करणाऱ्या द्रवाने झालेला क्षोभ. तो लवकर येतो आणि धुतल्यावर लवकर ओसरतो.

गोव्यात एक गल्लत हमखास होते. लग्नसराईचे दिवस आणि काजूच्या बिया फोडायचे दिवस एकच. बीच्या कवचातले तेलही हातावर फोड उठवते, कातडी काळी करते. बिब्ब्याचेही तसेच. पण ते फोड थेंब उडावा तसे वेडेवाकडे, किंवा बी धरतो त्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर असतात. त्यांना वेल नसते. खरूज वेगळी: तिचे दाणे बोटांच्या बेचक्यांत असतात, रात्री खाज वाढते आणि घरातल्या इतरांनाही सुटते. पावलांच्या कडेने सरळ पट्टा लाल झाला असेल तर मेंदी नव्हे, अळता आठवावा. बाटलीतल्या अळत्यात आता बहुधा कृत्रिम लाल रंग असतात आणि त्यांचीही अ‍ॅलर्जी होते. तिचा उपचार हाच.

कोन लावण्याआधी ओळखता येतो का? बऱ्याच अंशी. पानांचा लेप हिरवट-तपकिरी असतो आणि त्याला ओल्या पाल्याचा वास येतो. लेपच काळा असेल, किंवा अर्ध्या तासात काळा रंग येईल असे सांगितले जात असेल, तर हात मागे घ्यावा. ‘हर्बल’ हा शब्द पुरावा नाही. केसांच्या ‘काळ्या मेंदी’च्या पाकिटांतही पीपीडी असू शकते, आणि ‘अमोनियाविरहित’ म्हणजे पीपीडीविरहित नव्हे.

उपचार

पहिले काम अंगठ्या काढायचे. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. चुडा भरलेला असेल तर घरात कुरबुर होणार हे ठाऊक आहे, पण मनगट फुगू लागले आणि काचेची काकणे रुतू लागली की ती उतरवावीच लागतात. मग हात साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकेच धुवावेत. डाग घालवण्यासाठी लिंबू, चुना, टूथपेस्ट किंवा ब्लीच चोळू नये. बसलेला रंग चोळून निघत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत कातडीबरोबर झडतो. चोळल्याने फक्त जखम होते.

लस वाहत असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवलेले मऊ सुती कापड दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावे. फोड फोडू नयेत. खरे औषध म्हणजे स्टेरॉइडचे मलम, आणि हातापायांच्या कातडीला ते जोरकस लागते: मोठ्यांना मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सहसा एक ते दोन आठवडे. प्रमाण मोजायची सोपी रीत आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढे एका हाताला, दोन्ही बाजू धरून, पुरते. एका पावलाला दोन रेघा. लोक भीतीपोटी मोहरीएवढे लावतात आणि मग औषध लागू पडले नाही म्हणतात. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांचे तिहेरी मिश्रण मात्र घेऊ नये. बुरशी इथे नसतेच, आणि मिश्रणातल्या काही घटकांची स्वतःचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते.

खाजेच्या गोळीने रात्री झोप लागते, एवढाच तिचा मुख्य उपयोग. ती गोळी हिस्टामीन हे खाज आणणारे रसायन अडवते, आणि हे पुरळ त्यावर फारसे अवलंबून नसते.

मावशीच्या दोन्ही हातांवर सूज आणि मोठे फोड होते. अशा वेळी डॉक्टर पोटातून प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी देतात, वजनाच्या दर किलोला सुमारे अर्धा मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला म्हणजे सकाळी ३० मिलिग्रॅम, पुढे कमी करत साधारण दोन आठवडे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ते आधी सांगायचे. नेहमीची चूक अशी की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात बरे दिसतात, गोळ्या थांबतात, आणि पुरळ दुप्पट जोमाने परत येते, कारण रंग अजून कातडीत असतो. भाचीला गोळ्यांची गरज नव्हती. तिला डॉक्टरांनी मोमेटासोन दिवसातून एकदा, आठवडाभर लावायला सांगितले.

पिवळा पू, मधासारखी खपली, वाढती ठणक किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग झाला असे समजून त्याच दिवशी दाखवावे. ओठ-डोळे सुजणे किंवा श्वास लागणे क्वचित घडते, पण घडले तर थेट तातडीच्या विभागात.

त्यानंतर

एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी बहुधा जन्मभर राहते, आणि तिचा खरा धोका पुढच्या केसांच्या रंगात असतो. हातावर काळा टॅटू काढलेले मूल विशी-तिशीत पहिल्यांदा केस रंगवते आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडत नाहीत, इतका चेहरा सुजतो. काही भूल देणारी मलमे, विशेषतः बेंझोकेन, तसेच कपड्यांचे काही गडद रंग यांच्याशीही पीपीडीचे साधर्म्य आहे. म्हणून दंतवैद्याला ही गोष्ट सांगून ठेवावी.

खात्री पॅच टेस्टने होते. ती त्वचारोगतज्ज्ञ करतात; बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे चौकशी करता येते. पाठीवर १ टक्का पीपीडीची पट्टी ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. पुरळ पूर्ण बसल्यावर आणि स्टेरॉइडच्या गोळ्या संपल्यावरच ती करायची, नाहीतर खोटे ‘नाही’ येते. त्या काळात पाठ भिजवायची नसते, घामाने पट्टी सुटते; गोव्याच्या मे महिन्यात ते जमत नाही, हिवाळा बरा. कोनातलाच रंग घरी कोपरावर लावून ‘तपासणे’ चुकीचे, कारण तेवढ्याने नवी अ‍ॅलर्जी जडू शकते.

पुरळ गेल्यावर नक्षीच्या जागी काळपट किंवा फिकट रेषा उरतात. मुलांत फिकट जास्त. त्या कोड नसतात आणि महिन्यांनी भरतात. तोवर उन्हात जाताना झाकल्या तर आजूबाजूची कातडी रापून त्या उठून दिसत नाहीत. चवथीला त्या भाचीच्या मनगटावर वेलीची एक पांढुरकी फांदी अजून दिसत होती. तिला मेंदी हवीच होती. शुद्ध पानांची अ‍ॅलर्जी विरळा, त्यामुळे आजीने परसातल्या झाडाची पाने वाटून फक्त तळहातावर गोल ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी तो नारिंगी झाला होता.