प्रोफाइल आणि वक्त्याचा परिचय: 'मी'च्या जागी 'त्या' लिहून भागत नाही

द्राक्ष बागायतदारांसाठी आमचा गट दर हंगामात वेबिनार घेतो. वक्त्यांचे परिचय गोळा करण्याचं काम माझ्याकडे असतं. 'साठ शब्दांत परिचय पाठवा' असा निरोप मी धाडते आणि बहुतेक वेळा हाती पडतो तो लिंक्डइनवरचा About विभाग, फार तर 'मी'च्या जागी 'त्या' घातलेला. दोन्हींत माणूस तोच, शिक्षण तेच, काम तेच. म्हणून एक दुसऱ्याच्या जागी चालेल असं वाटतं.

फरक आहे तो बोलणाऱ्यात. प्रोफाइलमध्ये माणूस स्वतः बोलतो. वाचणारा आपणहून त्याच्या दाराशी आलेला असतो, कधी नोकरी देण्यासाठी, कधी सल्ला विचारण्यासाठी, आणि त्याला काय हवंय हे लिहिताना माहीत नसतं. लिंक्डइन तिथे 2600 अक्षरचिन्हांपर्यंत जागा देतं, त्यामुळे सगळंच थोडंथोडं मांडता येतं. वक्त्याचा परिचय मात्र आयोजकाच्या तोंडी असतो. वाचणारा बागायतदार एकच गोष्ट ठरवत असतो: या विषयावर या बाईंचं ऐकायला तासभर द्यावा का?

फळछाटणीनंतर येणाऱ्या केवड्यावर, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूवर, आम्ही एका वनस्पती रोगतज्ज्ञ बाईंना बोलावलं होतं. त्यांनी पाठवलेला मजकूर थोडक्यात असा होता:

> कुतूहल हा माझा स्थायीभाव. लहानपणी आजोबांच्या बागेत पानं उलटी करून बघायचे, ते आजही करते. गेली 14 वर्षे वनस्पती रोगशास्त्रात काम करते आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पीएच.डी. सुरुवातीची 4 वर्षे एका औषध कंपनीत विक्री प्रशिक्षण सांभाळले. सध्या नाशिक आणि सांगली जिल्ह्यांतल्या द्राक्षबागांना सल्ला देते. डाळिंबाच्या तेल्या रोगावरही काम केले आहे. सेंद्रिय शेती आणि बचत गटांचे प्रशिक्षण हेही आवडीचे विषय. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान हीच माझी कमाई. नव्या कामासाठी जरूर संपर्क साधा.

प्रोफाइल म्हणून हे मला आवडलं. आजोबांची बाग आहे, त्यामुळे माणूस कळतो. तेल्याचा उल्लेख आहे, कारण उद्या एखादा डाळिंबवालाही हे वाचेल. आता यातलं एक वाक्य सूत्रसंचालकाच्या तोंडी देऊन बघा: 'शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान हीच त्यांची कमाई.' हे त्याला कसं ठाऊक? स्वतःबद्दल सांगताना जे मनापासून आलेलं वाटतं, तेच दुसऱ्याने सांगितलं की भाटगिरी होते. म्हणून प्रत्येक वाक्याला मी हेच विचारते, की आयोजक आपल्या जबाबदारीवर हे म्हणू शकेल का? पदवी, वर्षं, जिल्हे, पिकं चालतील. कुतूहल, आवड, समाधान गळतील. 'ख्यातनाम' आणि 'अनुभवी'सुद्धा वक्त्याने स्वतः पाठवायचे शब्द नाहीत.

मग वर्षांकडे वळले. प्रोफाइल 2023 साली लिहिलेलं होतं, 14 हा आकडा तिथेच थांबला होता. शिवाय त्या 14 मध्ये कंपनीतली 4 वर्षं धरलेली. बागायतदाराला हवं होतं ते निराळं: या बाई प्रत्यक्ष बागांत कधीपासून फिरतात? हिशेब केला, तर 2013 पासून. परिचय वेबिनारनंतरही ध्वनिचित्रफितीखाली राहतो, पुढच्या आयोजकाकडे जातो, म्हणून 'गेली इतकी वर्षे' आणि 'सध्या' काढून मी साल घालते.

औषध कंपनीचं वाक्य ठेवावं का, यावर मात्र मी बराच वेळ अडले. जागा कमी होती आणि नोकरी जुनी. पण विषय फवारणीचा होता, आणि आमचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो 'बाई कोणत्या कंपनीच्या?' मी फोन केला. आता कुठल्याच कंपनीसाठी काम करत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेवढं एक वाक्य मी त्यांच्या संमतीने घातलं. त्या अजून कंपनीकडून मानधन घेत असत्या, तर तेही लिहावंच लागलं असतं. तिथे गप्प राहणं मला पटलं नसतं.

त्याच फोनवर असंही कळलं की पानं किती तास ओली राहिली आणि तापमान किती होतं याच्या नोंदी ठेवून फवारणीची वेळ ठरवायला त्या शिकवतात. केवडा पसरतो तो पानावर पाणी टिकल्यामुळे, म्हणजे व्याख्यानाचा गाभा हाच. प्रोफाइलमध्ये त्याचा शब्दही नव्हता. नुसती कात्री चालवली असती, तर ही गोष्ट कधीच आली नसती. शेवटी छापलं ते असं:

> डॉ. (नाव आडनाव) या वनस्पती रोगतज्ज्ञ असून 2013 पासून नाशिक आणि सांगली जिल्ह्यांतील द्राक्षबागांना रोगनियंत्रणाचा सल्ला देतात. केवडा आणि भुरी हे त्यांच्या कामाचे मुख्य विषय. पानांवरचा ओलावा आणि तापमान यांच्या नोंदींवरून फवारणीची वेळ कशी ठरवावी, हे त्या बागायतदारांना शिकवतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी येथून त्यांनी पीएच.डी. केली आहे. त्या कोणत्याही औषध कंपनीसाठी काम करत नाहीत.

हे 56 शब्द झाले. क्रमही मुद्दाम लावलेला आहे. जागा अपुरी पडली की आयोजक शेवटून कापतो, म्हणून पहिलं वाक्य एकटंही उभं राहायला हवं. इथे ते 17 शब्दांचं आहे आणि व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीत तेवढंच गेलं. विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहिलं, कारण परिचय मोठ्याने वाचला जातो आणि 'मफुकृवि' ऐकताना कुणालाच कळत नाही.

एक चूक मराठीत सहज होते. 'त्यांनी केले', 'त्यांना मिळाले', 'सल्ला देतात' यांपैकी कशातूनही वक्ता बाई की पुरुष हे कळत नाही. नाव किरण किंवा सुहास असेल आणि सगळा परिचय 'त्यांनी'वर चालला असेल, तर सूत्रसंचालक अंदाजाने 'ते' म्हणून मोकळा होतो. असं आमच्याकडे एकदा घडलं आणि वक्त्या बाईंना बोलायला सुरुवात करताना आधी दुरुस्ती करावी लागली. तेव्हापासून परिचयात एकदा तरी 'त्या' किंवा 'ते' येईल, असं मी बघते.

शब्दमर्यादा मराठीत थोडी सैल पडते, कारण विभक्ती शब्दालाच चिकटते: 'नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत' हे तीनच शब्द. पण नोंदणीच्या फॉर्ममध्ये मर्यादा अक्षरचिन्हांची असेल, तर उलटं होतं. काना, मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणून 'द्राक्ष' डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसतं, पण संगणक ते सात मोजतो. तिथे मजकूर चिकटवून शेवटचं वाक्य तुटलं नाही ना, हे बघूनच मी फॉर्म पाठवते.

पुढे याच बाईंना डाळिंब उत्पादकांनी बोलावलं आणि त्यांनी माझ्याकडे परिचय मागितला. केवडा-भुरीचं वाक्य काढलं, तिथे तेल्या आला, आणि डाळिंबाच्या बागांत त्यांनी नेमकं काय केलं हे विचारायला पुन्हा एक फोन केला. लिंक्डइनवर आजोबांची बाग आहे तशीच आहे.