यूव्ह्यू आणि मागे सरकणारी गाइड

यूव्ह्यू ही ब्रिटनमधली सेट-टॉप बॉक्सवरची दूरचित्रवाणी सेवा. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४, चॅनल ५, बीटी, टॉकटॉक आणि आर्किवा यांनी मिळून ती उभारली आणि जुलै २०१२ मध्ये ती सुरू झाली. हुकलेला कार्यक्रम नंतर पाहणे, म्हणजे कॅच-अप, तिच्या आधीही होते. पण त्यासाठी कार्यक्रम कोणत्या वाहिनीचा हे आठवून तिचे वेगळे अ‍ॅप उघडावे लागे. यूव्ह्यूने वेळापत्रकच मागे सरकवण्याची सोय दिली.

समजा, मंगळवारी रात्री ९ वाजता बीबीसी वनवरची मालिका हुकली आणि आज गुरुवार आहे. रिमोटवरचे गाइडचे, म्हणजे कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचे, बटण दाबायचे, बीबीसी वनच्या ओळीवर यायचे आणि डावा बाण दाबत मंगळवारचे ९ गाठायचे. त्या चौकटीत प्लेची खूण असेल तर ओके दाबायचे. बॉक्स आपणहून बीबीसीचे आयप्लेअर हे अ‍ॅप उघडतो आणि तो भाग लावता येतो. आयटीव्हीचा कार्यक्रम असेल तर आयटीव्हीएक्स उघडते. तिथे खाते लागते आणि जाहिरातीही पाहाव्या लागतात.

अशी गाइड ७ दिवस मागे जाते. त्याआधीचे हवे असेल तर थेट प्लेअरमध्ये किंवा शोधात मालिकेचे नाव टाकावे. आठवडा उलटला म्हणजे कार्यक्रम गेला असा समज होतो, पण बीबीसीचे बरेच कार्यक्रम आयप्लेअरवर वर्षभर राहतात.

बहुतेकांचा घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. मूळ यूव्ह्यू बॉक्सवर चालू वाहिन्या छतावरच्या अँटेनातून येतात, मागचे कार्यक्रम मात्र इंटरनेटवरून. म्हणून ब्रॉडबँड बंद पडले तरी बातम्या छान दिसत राहतात आणि दोष बॉक्सच्या माथी मारला जातो. मागचा एकही कार्यक्रम लागत नसेल तर आधी राउटर पाहावा. एकाच चौकटीत खूण नसेल तर बिघाड नसतो. चित्रपट किंवा सामन्याचे पुनर्प्रदर्शनाचे हक्क बहुधा वाहिनीकडे नसतात. हुमॅक्स कंपनीच्या पहिल्या यूव्ह्यू बॉक्समध्ये वायफाय नव्हते, केबलच ओढावी लागे. एकाच प्लेअरने काम थांबवले आणि बाकीचे नीट चालत असले, तर त्या कंपनीने जुन्या बॉक्सचा पाठिंबा काढला असण्याची शक्यता असते.

कार्यक्रम रेकॉर्ड करण्यापेक्षा हे वेगळे. हार्ड डिस्कवर घेतलेला भाग घरातच राहतो. कॅच-अपचा भाग वाहिनी काढून घेईल त्या दिवशी जातो. शिवाय १ सप्टेंबर २०१६ पासून आयप्लेअरवर मागचा कार्यक्रम पाहायलाही टीव्ही परवाना लागतो.

मागचे कार्यक्रम इंटरनेटशिवाय मिळत नाहीत, ही अडचण आपल्याकडच्या डीटीएचचीही आहे. छत्रीतून येणारा संकेत एकमार्गी असतो, त्यामुळे ग्राहकाने मागितला तो भाग त्याच्यापुरता पाठवणे त्याला जमत नाही. म्हणून अँड्रॉइडवर चालणाऱ्या डीटीएच बॉक्सलाही अशा सेवांसाठी घरचे वायफाय जोडावे लागते.