गाडी विकली, चावी दिली, पण आरसीवर नाव अजून तुमचंच आहे का?

आमच्याकडे जुन्या गाड्यांच्या ट्रान्सफरची कामं होतात, आणि एक प्रश्न इतक्या वेळा येतो की शेवटी हे लिहूनच काढलं. प्रश्न असा, "गाडी तर मी कधीच विकलीय, पैसे पण मिळाले, आता त्या माणसाने अपघात केला तर माझा काय संबंध?" उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. आरसीवर तुमचं नाव असेल तर संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे.

आमच्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण देतो. मिस्टर वारले, त्यांची स्कूटर बाईंच्या नावावर आली, ती ओळखीतल्याच एका मुलाला दिली, स्टँपपेपरवर लिहून घेतलं, नोटरी केली, दोन्ही ट्रान्सफर फॉर्मवर सह्या करून दिल्या, तारखेची जागा कोरी. मुलगा म्हणाला "काकू, पुढच्या आठवड्यात नावावर करतो". आणि त्याने ती तिसऱ्यालाच विकून टाकली, त्याच सह्यांच्या फॉर्मसकट. दोन वर्षांनी घरी कोर्टाचा कागद आला, कुणीतरी त्या स्कूटरने एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं होतं. बाई तो स्टँपपेपर प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून घेऊन आल्या होत्या, त्यांना वाटत होतं हा दाखवला की संपलं. तो कागद खोटा नव्हता हो. सौदा झाला होता, पैसे मिळाले होते, पण तो कागद त्या दोघांच्यातला होता. ज्याला गाडी लागली त्याच्यासाठी मालक कोण हे आरटीओच्या रजिस्टरवरून ठरतं.

हे आम्ही मनाने सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कलम २(३०) आहे, त्यात मालकाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्या नावाने गाडी रजिस्टर आहे तो मालक. (लोन किंवा भाडेखरेदीच्या गाडीत मात्र करारानुसार जो गाडी ताब्यात ठेवून वापरतोय तो.) बाकी तुमच्या घरी कोणता कागद आहे, कुणी साक्षीदार होतं, त्याचा नुकसानभरपाई मागणाऱ्याशी संबंध येत नाही.

६ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने असाच एक खटला निकाली काढला. त्यातली गाडी मूळ मालकाने जुलै २००७ मध्ये विकली, घेणाऱ्याने सप्टेंबर २००८ मध्ये दुसऱ्याला, त्याने पुढे तिसऱ्याला, आणि आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. मे २००९ मध्ये सकाळी ती गाडी रिव्हर्स घेताना चालत जाणाऱ्या एका बाईंना आणि त्यांच्या भाच्याला लागली, त्यात तो मुलगा गेला. गाडीचा इन्शुरन्स नव्हता. ट्रिब्युनलने मुलाच्या मृत्यूसाठी ३ लाख ७५ हजार रुपये ठरवले आणि ते ड्रायव्हर आणि आरसीवरचा मालक यांनी मिळून द्यायचे असं सांगितलं. हायकोर्टाने ते बदलून जबाबदारी गाडी शेवटी घेणाऱ्यावर टाकली. सुप्रीम कोर्टाने परत फिरवलं आणि म्हटलं की ज्याचं नाव रजिस्टरवर आहे तोच मालक धरायचा. ज्याचं माणूस गेलं त्याने, रजिस्टरवर कधी न चढलेल्या विक्र्यांची साखळी शोधत फिरायचं, असं कायद्याला अपेक्षित नाही. आम्हाला हे बरोबर वाटतं. आपला माणूस गेलेला असताना कुणी कुणाकडून गाडी घेतली हे शोधत कुठे बसणार, त्याला नंबर दिसतो, नंबरवरून नाव मिळतं.

आता याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवा, २०११ चा, तोही सुप्रीम कोर्टाचाच. ट्रक १९९३ मध्ये विकलेला, नाव बदललेलं नाही, १९९४ मध्ये अपघात झाला, पण पॉलिसी चालू होती आणि ती जुन्या मालकाच्या नावावरच काढलेली होती (प्रीमियम नवा माणूस भरत होता). तिथेही कोर्टाने जबाबदारी जुन्या मालकाचीच धरली, पण पॉलिसी चालू असल्यामुळे पैसे इन्शुरन्स कंपनीला द्यावे लागले.

तर तुमच्या घरावर आलेलं संकट कशाने टळतं किंवा अंगावर येतं, ते या दोन केसमध्ये दिसतं. थर्ड पार्टी इन्शुरन्स अपघाताच्या दिवशी चालू आहे की नाही! चालू असेल तर कंपनी देते (कलम १५७ प्रमाणे विक्रीबरोबर थर्ड पार्टीचं कव्हर घेणाऱ्याकडे गेलेलं धरतात, त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं). संपलेला असेल तर तुमच्या खिशातून. आणि गाडी विकणाऱ्यांचं काय होतं, गाडी दिली की पॉलिसीकडे कोण बघणार, घेणारा म्हणतो चालवतोय तेवढी चालू दे, रिन्यू कुणीच करत नाही. आमच्या मते सगळ्यात धोक्याचा काळ हाच, पॉलिसी संपल्यापासून नाव बदलेपर्यंत. त्यातही चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर पॉलिसी चालू असूनही कंपनी आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला येऊ शकते, आणि मालक कोण, तर परत आरसीवरचा.

लोक विचारतात मग माझ्याकडे लिहून घेतलंय त्याचा काहीच उपयोग नाही का. आहे, पण वेगळ्या ठिकाणी. जखमी माणसाला पैसे द्यावे लागले तर ते घेणाऱ्याकडून परत मागायला तो कागद कामाचा, पण ती वेगळी केस, वेगळा वकील, आणि समोरचा सापडला पाहिजे. आमच्या त्या बाईंकडून स्कूटर घेणारा मुलगा पत्त्यावर नव्हता. गाडी कोण चालवत होतं हे पोलीस कलम १३३ खाली मालकालाच विचारतात, तेव्हाही तो कागद बरोबर असू द्या. निष्काळजीपणाची फौजदारी केस मात्र चालवणाऱ्यावर होते, तुम्ही चालवत नव्हता तर त्याची भीती बाळगू नका, सगळ्यात जड जातो तो नुकसानभरपाईचाच भाग. चलानं तर येतातच, ती आधी तुमच्याच नंबरवर येतात.

आता कोरे फॉर्म. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, ज्याला सगळे टीटीओ सेट म्हणतात. २९ म्हणजे विकणाऱ्याने दिलेली सूचना की मी गाडी दिली. ३० मध्ये घेणारा नाव बदलून मागतो. कायदा विकणाऱ्याला १४ दिवस देतो (राज्याबाहेरची नोंदणी असेल तर ४५), घेणाऱ्याला ३०. म्हणजे सांगायचं कामही तुमच्यावर आहे, ते तो करेल म्हणून सोडून द्यायचं नाही. तुम्ही कोऱ्या तारखेवर सह्या करून दिल्या की ही सूचना कधी द्यायची, द्यायची की नाही, आणि कुणाच्या नावाने, हे सगळं त्याच्या हातात गेलं. तो तेच फॉर्म पुढच्याला देऊन मधली नावं गाळू शकतो, आणि त्यातल्या कुणाचंही नाव कुठेच येत नाही. म्हणून आम्ही ग्राहकाला सांगतो की तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय सही करू नका. यावरून काही जण नाराज होतात, एजंट नसते अडथळे आणतो म्हणतात, पण आम्ही त्यातून मागे हटणार नाही.

आमच्याकडे काम असं चालतं. दोघेही एकदा येतात, आम्ही वाहन पोर्टलवर अर्ज भरतो, ओटीपी तुमच्या आणि त्यांच्या मोबाईलवर येतो (म्हणून आरसीला जोडलेला नंबर चालू आहे का आधी बघा, नाहीतर तिथेच दोन दिवस जातात), अर्जाची पोच तुमच्या हातात देतो आणि चावी द्यायची ती त्यानंतर. बँकेचं लोन आरसीवर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी, दुसऱ्या राज्यात जात असेल तर फॉर्म २८. पैशाचा थोडा भाग नाव बदलेपर्यंत राखून ठेवा असं आम्ही घेणाऱ्याला सांगतो, तो विकणाऱ्याच्याही फायद्याचा आहे कारण दोघांनाही काम पुरं करायची घाई राहते. मग पोर्टलवर किंवा एम-परिवहनमध्ये नंबर टाकून बघायचं, नाव बदललेलं दिसेपर्यंत आठवड्यातून एकदा बघा. पोच मिळाली म्हणजे नाव बदललं असं नाही, अर्ज अडकून पडतात, कुणाचा चेसिस नंबर जुळत नाही, कुणाचा फोटो.

डीलरला गाडी दिलीत तर तिथे एक चांगला नियम आहे, १ एप्रिल २०२३ पासून. आरटीओकडून अधिकृत झालेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी पोर्टलवर जातो, आणि मग गाडी त्याच्या ताब्यात असताना तोच मालक धरला जातो. पण तो अधिकृत असला पाहिजे आणि फॉर्म खरंच गेला पाहिजे. रस्त्याच्या कडेला गाड्या लावणारा प्रत्येकजण अधिकृत नसतो, त्याला अधिकृतपणाचं प्रमाणपत्र मागा, आणि २९-सी ची प्रत हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका.

आणि ज्यांनी आधीच विकलीय, आणि हे वाचता वाचता पोटात गोळा आला, त्यांच्यासाठी. आधी नंबर टाकून बघा, नाव तुमचंच दिसलं तर त्याच वेळी इन्शुरन्स किती तारखेपर्यंत आहे तेही दिसतं, ते आधी बघा. संपला असेल तर घेणाऱ्याला फोन करून आजच थर्ड पार्टी काढायला लावा, तो ऐकत नसेल तर आम्ही म्हणू स्वतः काढा, गाडी तुमच्या ताब्यात नसली तरी, कारण नुकसानभरपाईपेक्षा तो प्रीमियम कितीतरी कमी असतो. त्यानंतर फॉर्म २९ भरून विक्रीची तारीख, घेणाऱ्याचं नाव पत्ता, पैसे आल्याचा बँकेचा पुरावा, असं सगळं जोडून आरटीओला द्या, पोच घ्या, आणि तीच प्रत घेणाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. एवढ्याने तुमचं नाव आपोआप निघत नाही आणि कोर्टात पूर्ण सुटका होईल असंही आम्ही सांगणार नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हता याचा पुरावा तयार होतो, आणि घेणारा ते पत्र बघून बहुतेक वेळा फोन करतो.

तशी केस असेल तर आरसीची प्रत, आधार, सौद्याचा कागद आणि घेणाऱ्याचा जो काही नंबर आहे तो घेऊन या. नंबरवर नाव कुणाचं आणि इन्शुरन्स कुठपर्यंत, एवढं बघून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. कोर्टाचा कागद आलेला असेल तर मात्र आधी वकिलाकडे जा, आमच्याकडे नंतर, कारण तिथे तारीख चुकली तर आम्ही कुठलाच फॉर्म भरून ती परत आणू शकत नाही.