उपाशीपोटी ९४, मग एचबीएवनसी ६.७ कसं?

लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेल्या एका बाईंनी कागद काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, यातलं खरं कुठलं?" वय ४३. उपाशीपोटीची साखर ९४, म्हणजे अगदी नॉर्मल. एचबीएवनसी ६.७, म्हणजे मधुमेहाच्या ६.५ या रेषेच्या पलीकडे. घरी दोन तट पडले होते. सासूबाई म्हणत होत्या साखर नाही, नवरा म्हणत होता गोळी सुरू कर.

दोन्ही तपासण्या रक्ताच्याच असल्या तरी मोजतात वेगळं. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या सकाळच्या एका क्षणाची साखर. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखरेच्या रक्तात भिजत राहते. म्हणून एचबीएवनसीला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात, जरी त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा असतो.

एचबीएवनसीवरून सरासरी साखर काढायचं एक सूत्र आहे: आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ६.७ चे होतात साधारण १४६. बाईंची सकाळ ९४ वर असेल आणि दिवसाची सरासरी १४६ असेल, तर जेवणानंतर साखर बरीच वर जाऊन तिथे तासन्‌तास रेंगाळत असली पाहिजे. असं होतं, आणि आपल्याकडे भरपूर होतं. स्वादुपिंड रात्रभराचं काम सांभाळून नेतं, पण भात-पोळीचा एकदम आलेला लोंढा त्याला आवरत नाही. मधुमेहाची सुरुवात कित्येकदा अशीच होते. त्यामुळे फक्त उपाशीपोटीची साखर बघून निर्धास्त होणं मला पटत नाही.

म्हणून त्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघितली. ती आली १३१. इथे १४० च्या आत नॉर्मल, २०० पासून पुढे मधुमेह. सकाळी ९४, ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही १३१, मग १४६ ची सरासरी येणार कुठून? हिशोब जुळेना, तेव्हा संशय साखरेवरून पेशींवर गेला.

सीबीसी काढला. हिमोग्लोबिन ९.१, पेशी आकाराने लहान, फेरिटिन ६. लोह संपलेलं. पाळीत फार रक्त जातं, हे त्यांनी विचारल्यावरच सांगितलं. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. जुनी पेशी जास्त दिवस भिजलेली, म्हणून तिच्यावर साखरही जास्त. साखर न वाढता एचबीएवनसी फुगण्यामागे हे एक कारण मानलं जातं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीसाठी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४ आणि एचबीएवनसी ५.८. म्हणजे सीमारेषेवर थोडं लक्ष हवंच, पण मधुमेहाची गोळी नको. मधेच, दीड-दोन महिन्यांत तपासलं असतं तर कोवळ्या पेशींच्या गर्दीमुळे आकडा फसवा कमी दिसला असता.

उलट्या बाजूचा हिशोब तर याहून सोपा. उपाशीपोटी १३८, पुन्हा केली तरी १३६, आणि एचबीएवनसी ५.४. सूत्राने सरासरी येते १०८. बहुतेकांची सकाळची साखर ही दिवसातल्या खालच्या आकड्यांपैकी असते. मग दिवसाची सरासरी तिच्याहूनही तीसने खाली कशी असेल? इथे पेशी वयाआधी मरत असतात किंवा नव्या भराभर येत असतात. रक्त चढवलेलं असणं, मोठा रक्तस्राव, किडनीच्या रुग्णाला रक्तवाढीसाठी दिलेली इंजेक्शनं, प्लीहा वाढलेली असणं, ही नेहमीची कारणं. विदर्भातला किंवा नंदुरबारकडचा रुग्ण असेल तर सिकलसेल आधी आठवावा. त्या आजारात पेशी फार लवकर फुटतात, त्यामुळे एचबीएवनसीवर विसंबताच येत नाही. काही मशिनांच्या आलेखात अनोळखी हिमोग्लोबिनचा वेगळा उंचवटा दिसतो, पण छापील आकड्यात तो दिसत नाही. १२६ च्या वर दोनदा आलेली उपाशीपोटीची साखर मात्र मधुमेहच, मग ५.४ काहीही म्हणो.

अर्थात उपाशीपोटीचा आकडाही बिघडतो. नळीतलं रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. राखाडी झाकणाच्या नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्यालाही पहिला तासभर जातो. गावाकडून गोळा केलेली नळी दुपारी लॅबला पोचली तर १२८ चे ११५ सहज होतात. दुसऱ्या बाजूला, "फक्त चहा घेतला होता" असं म्हणणारे रोज भेटतात, आणि त्या चहात दोन चमचे साखर असते.

पेशींवर भरवसाच नसेल तर फ्रुक्टोसामिन करता येतं. त्यात रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, तांबड्या पेशींचा संबंध येत नाही. ते दोन-तीन आठवड्यांचंच सांगतं, आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर तेही फसतं. तशा रुग्णाला मी घरच्या ग्लुकोमीटरवर आठवडाभर जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहायला सांगतो.