कार्बोरेटरचा स्क्रू घासतो त्यामागची गोष्ट

पावसाळाभर गोठ्यात उभी राहिलेली जुनी शंभर सीसीची गाडी पोळ्यानंतर बाहेर निघते आणि किक मारून मारून पाय दुखले तरी सुरू होत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलची चिकट राळ बसलेली असते. वाटी काढायला चार स्क्रू खोलायचे. तीन निघतात, चौथ्यात पेचकस गरकन फिरतो आणि चार फटींच्या जागी गुळगुळीत खळगा उरतो. यवतमाळ-वाशिमकडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात हे रोजचंच आहे, आणि दोष सहसा मेकॅनिकच्या हाताला दिला जातो. खरं कारण बरंच जुनं आहे.

आधी स्क्रूला एकच आडवी चीर असायची. पेचकस तिच्यातून बाजूला सरकायचा, त्यामुळे कारखान्यात मशिनने भराभर स्क्रू आवळणं अवघड जायचं. कॅनडात रॉबर्टसन यांनी 1908 मध्ये चौकोनी खाचेचा स्क्रू आणला. अमेरिकेत थॉम्पसन यांच्या कल्पनेवरून हेन्री फिलिप्स यांनी चार फटींचा स्क्रू बाजारात आणला. जनरल मोटर्सने 1936 मध्ये कॅडिलॅक गाड्यांसाठी तो घेतला आणि तो जगभर पसरला. त्याच्या फटी खाली निमुळत्या होत जातात. त्यामुळे पेचकसाचं टोक, म्हणजे बिट, आपोआप मधोमध बसतं, पण जोर वाढला की त्याच उतारावरून वरही चढतं. वर चढताना ते फटींच्या कडा खातं.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता झाला. 1984 नंतर जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या मोटारसायकली आल्या, 1985 ची हिरो होंडा सीडी 100 त्यातलीच. त्यांचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण खाच जपानी मापाची. अशा बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. बाजारातला साधा फिलिप्स पेचकस त्यांत तळापर्यंत बसत नाही, तो वरच्या वर लटकतो. त्याचं टोक ग्राइंडरवर अर्धा मिलिमीटर घासलं तर बसणी सुधारते. इतकं आधीच केलं तर पुढची निम्मी भानगड टळते.

आता घासलेल्या चौथ्या स्क्रूचं बघू. आधी पेट्रोल बंद करून वाटी रिकामी करायची आणि कार्बोरेटर गाडीवरून उतरवून बाकावर घ्यायचा. वाटीच्या काठाच्या, म्हणजे फ्लॅन्जच्या, सांध्यात पांढरट भुकटी दिसली तर समजायचं, पोलादी स्क्रू आणि हलक्या धातूची बॉडी ओलाव्यात एकमेकांना चिकटलीत. ही भुकटी दिसली तर खाचेवर रबर बँड ठेवून स्क्रू खोलायची युक्ती कामाची नाही.

भुकटी नसेल, फक्त डोकंच घासलं असेल, तर रबर बँड जरूर लावून पाहावा. रुंद, पातळ रबर किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाचेवर ठेवायचा, बिट सरळ दाबायचं आणि हळू फिरवायचं. झिजलेल्या जागेतली पोकळी रबर भरतं, त्यामुळे पकड येते. खाच आधी कोरडी पुसावी, तेल-पेट्रोलवर रबर सरकतं. जाड रबर घेतलं तर बिट खाली बसतच नाही. दोनदा फिरवून रबर फाटलं की हा उपाय सोडून द्यावा, तिसऱ्यांदा फक्त खळगा आणखी गोल होतो.

नंतर मोठं बिट. दोन नंबरच्या खाचेत तीन नंबरचं बिट कधी वरच्या, अजून न झिजलेल्या कडांवर बसतं. नाहीतर साधारण पाच मिलिमीटरचं चपटं बिट समोरासमोरच्या दोन फटींत ठेवून हातोडीचा हलका ठोका द्यायचा. ठोक्याने बिट धातूत रुततं आणि आटेही थोडे हलतात. बॉडीखाली लाकडाचा ठोकळा हवाच, ही बॉडी मऊ धातूची असते आणि तिचा कान सहज तुटतो.

घासलेल्या स्क्रूत रुतवून तो बाहेर काढायचा एक्स्ट्रॅक्टर शेवटी. त्याचे पीळ डावे असतात, म्हणून स्क्रू खोलायच्या दिशेने फिरवलं की तो आत रुतत जातो. या 4 मिलिमीटरच्या स्क्रूला मधोमध पंच मारून 2 मिलिमीटरचं भोक पाडायचं. पण इतका बारीक एक्स्ट्रॅक्टर ठिसूळ असतो, आणि जाम स्क्रूत तो तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही, मग कार्बोरेटरच भंगारात जातो.

म्हणून या जागी एक्स्ट्रॅक्टरपेक्षा दुसरी वाट बरी. 4 मिलिमीटरच्या ड्रिलने नुसतं डोकंच उडवायचं. पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय ड्रिल लावू नये. डोकं सुटून ड्रिलवर गोल फिरू लागलं की थांबायचं. वाटी उचलली की स्क्रूवरचा ताण गेलेला असतो, आणि फ्लॅन्जच्या जाडीएवढा दांडा वर उभा दिसतो. तो लॉकिंग प्लायरने धरून आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटा फिरवला की बहुतेक वेळा निघून येतो.